पूर-वादळात कारखाना वेळेत कसा थांबवायचा : शटडाउन, जमण्याची जागा आणि माणसांची मोजणी

२२ जुलै २०२१ च्या पहाटे चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा सह्याद्रीच्या माथ्यावर मुसळधार पाऊस पडत होता. पौर्णिमा दोन दिवसांवर होती, त्यामुळे दाभोळच्या खाडीत भरतीही मोठी होती. वरून येणारं पाणी आणि खालून अडवणारी भरती यांची गाठ पडली की पाणी तासातासाने नाही, मिनिटामिनिटाने चढतं. त्याच दिवशी सावित्रीच्या पुराने महाडही बुडालं. अशा खोऱ्यांतल्या औद्योगिक वसाहतींत रासायनिक कारखाने आहेत, इंजिनिअरिंगची वर्कशॉप आहेत, अन्नप्रक्रियेची युनिट आहेत. यांपैकी बहुतेकांकडे आपत्कालीन आराखड्याची फाइल असते. ती आग आणि वायुगळतीसाठी लिहिलेली असते आणि पुरासाठी शेवटी एखादं पान जोडलेलं असतं.

या लेखात कोकणातल्या नदीकाठच्या एका मध्यम आकाराच्या रासायनिक कारखान्याचा आराखडा मांडला आहे. कारखाना कल्पित आहे, पण त्याच्या अडचणी खऱ्या कारखान्यांतल्याच आहेत. चार रिअ‍ॅक्टर, तेल तापवून उष्णता पुरवणारा एक थर्मिक फ्लुइड हीटर, एक छोटा बॉयलर, सॉल्व्हंटच्या सहा टाक्या, सांडपाणी शुद्ध करणारा ईटीपी आणि रात्रपाळीला साठ-एक माणसं, एवढं डोळ्यांसमोर ठेवा.

घड्याळ कुठून सुरू होतं

आग लागते तेव्हा घड्याळ आगीपासून पुढे धावतं. पुरात ते उलटं मोजायचं असतं, आणि मोजायला कुठून लागायचं हीच पहिली चूक होते. बहुतेक आराखड्यांत ‘पाणी कारखान्यात शिरण्याची शक्यता दिसताच’ असं लिहिलेलं सापडतं. पण पाणी कारखान्यात शिरण्याच्या आधी रस्ता जातो. आपल्या या कारखान्यापासून हमरस्त्याकडे जाताना ओढ्यावर एक मोरी लागते आणि ती प्लांटच्या फरशीपेक्षा सव्वा मीटर खाली आहे. मोरीवर गुडघाभर पाणी आलं की बस जाऊ शकत नाही. वाहत्या पाण्यात फूटभर खोलीत छोटी गाडी तरंगून वाहू लागते आणि दोन फुटांत मोठी वाहनंही टिकत नाहीत. म्हणजे प्लांट कोरडा असतानाच माणसं आत अडकलेली असतात. म्हणून शून्य मिनिट म्हणजे मोरी बंद होण्याची वेळ, असं धरायचं.

आता मागे मोजू. रिअ‍ॅक्टरमधली प्रक्रिया सुरक्षित टप्प्यावर आणायला सर्वांत वाईट परिस्थितीत पाच तास लागतात. माणसांना बसमध्ये बसवून दोन फेऱ्यांत पलीकडे पोचवायला एक तास. एक तास राखीव, कारण एखादा व्हॉल्व्ह अडकतोच आणि एखादा ड्रायव्हर झोपलेला असतोच. बेरीज सात तास. मोरी पहाटे पाचला जाणार असेल तर निर्णय रात्री दहाला व्हायला हवा. आणि रात्री दहाला ओढ्याकडे बॅटरी मारून पाहिलं तर पाणी नेहमीसारखंच दिसतं. खरी अडचण इथे आहे. शिफ्ट इनचार्जला वाटतं, एवढ्यात कशाला बंद करायचं, पाणी कुठे आहे? पाणी दिसायला लागेपर्यंत सातातले पाच तास निघून गेलेले असतात.

म्हणून निर्णय पाण्यावर न ठेवता इशाऱ्यावर ठेवावा लागतो. हवामान खात्याचा पावसाचा इशारा रंगांत येतो : पिवळा, नारिंगी, लाल. चोवीस तासांत २०४.४ मिमीहून जास्त पाऊस म्हणजे ‘अतिवृष्टी’च्याही वरची पायरी आणि घाटमाथ्यावर तेवढा पाऊस झाला तर खाली पूर जवळजवळ ठरलेला. चक्रीवादळाचे इशारे तर साधारण ७२ तास आधीपासून टप्प्याटप्प्याने येतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबाग-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळण्याच्या आधी कारखान्यांना पुरेसा वेळ मिळाला होता. पुराला तेवढा वेळ मिळत नाही. म्हणून आराखड्यात तीन गोष्टी एकत्र पाहायच्या : जिल्ह्याचा इशारा, वरच्या भागातल्या धरणाच्या विसर्गाची किंवा पर्जन्यमापकाची दर तासाची नोंद, आणि त्या दिवशीच्या भरतीच्या वेळा. तिन्ही एका पानावर लावून ठेवल्या आणि त्यातल्या दोन वाईट झाल्या की शटडाउन, असा नियम लिहून ठेवला, तर रात्री दहाला कुणाला हिंमत गोळा करावी लागत नाही.

पण सात तास आधी, तेही फक्त इशाऱ्यावर, तर पावसाळ्यात चार-पाच वेळा विनाकारण प्लांट बंद होईल. मालक हे सहन करणार नाही आणि पुढच्या वेळी इनचार्ज लांबवेल. यावर उपाय सात तासांवर वाद घालण्याचा नाही, सात तासच कमी करण्याचा आहे. नारिंगी इशारा आला की ज्या बॅचला सुरक्षित टप्प्यावर यायला पाच तास लागतात ती सुरूच करायची नाही. फक्त कोरडे करणं, गाळणं, पॅकिंग अशी कामं चालू ठेवायची. हीटरची आग कमी करून ठेवायची. मग गरज पडल्यावर शटडाउन दीड-दोन तासांत होतो आणि घड्याळ सातावरून चारवर येतं. अनेक कारखान्यांत ही एक सवय बाकीच्या सगळ्या आराखड्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

रिअ‍ॅक्टर : थांबवणं म्हणजे बटण दाबणं नाही

समजा रिअ‍ॅक्टर-३ मध्ये रसायन ‘ब’ थेंबथेंब सोडलं जात आहे आणि ते ‘अ’शी अभिक्रिया करताना उष्णता सोडतं. पूर येतोय म्हणून ऑपरेटर सोडणं बंद करतो, ढवळणी बंद करतो, वीज बंद करतो आणि निघून जातो. हे सगळ्यांत धोकादायक क्रमांपैकी एक आहे. कारण सोडलेलं ‘ब’ पूर्ण खर्च झालेलंच नसतं, त्यातलं काही न मिसळता तसंच वेगळं पडून राहतं. वरून थंड पाणीही बंद. काही तासांनी तापमान आपोआप चढू शकतं. आणि त्याहून वाईट म्हणजे दोन दिवसांनी वीज येते, कुणीतरी ढवळणी सुरू करतं आणि साचलेलं सगळं एकदम मिसळतं.

योग्य क्रम उलटा आहे. आधी सोडणं बंद. ढवळणी आणि कूलिंग चालूच. त्या बॅचच्या कागदावर लिहिलेल्या वेळेपर्यंत, उदाहरणार्थ पंचेचाळीस मिनिटं, तापमान स्थिर आहे आणि हळूहळू खाली येतंय असं दिसेपर्यंत थांबायचं. मग ढवळणी. मग कूलिंग. विजेचा नंबर सर्वांत शेवटी. म्हणून प्रत्येक उत्पादनासाठी एक पान हवं आणि त्यावर तीन प्रश्नांची उत्तरं : कोणत्या टप्प्यात बॅच पूर्ण करायची, कोणत्या टप्प्यात तशीच धरून ठेवता येते, आणि कोणत्या टप्प्यात थंड पाण्यात किंवा अभिक्रिया विझवणाऱ्या क्वेंच टाकीत सोडून संपवायची. ‘कुठेही थांबवता येते’ असं उत्तर आलं तर ते बहुधा कुणी तपासलेलं नसतं. आर अँड डी किंवा टेक्निकल विभागाकडून प्रत्येक टप्प्याबद्दल विचारून घ्यावं.

थर्मिक फ्लुइड हीटरची गोष्टही ध्यानात घ्या. तेल अडीचशे-तीनशे अंशांवर असताना आग बंद करून पंपही बंद केला तर कॉइलमध्ये थांबलेलं तेल भट्टीच्या उरलेल्या उष्णतेने करपतं आणि नळ्यांत कोळसा धरतो. पंप किमान १०० अंशांखाली येईपर्यंत, किंवा बनवणाऱ्याने दिलेल्या तापमानापर्यंत, फिरतच राहिला पाहिजे. ब्रिकेट किंवा कोळशाच्या भट्टीत तर आग बाहेर काढूनही वीटकाम तासन्‌तास लाल असतं. या भट्टीत पुराचं पाणी शिरलं तर वाफेचा भडका उडतो. पाण्याची वाफ होताना तिचा आकार सुमारे सतराशे पट वाढतो. म्हणून हीटर आणि बॉयलरच्या थंड होण्याची वेळ घड्याळात सर्वांत आधी टाकायची. पंपाला त्या वेळात वीज हवी, म्हणजे वीज कधी बंद करायची हे हीटर ठरवतो.

पाण्याशी भडकणाऱ्या वस्तूंसाठी वेगळी यादी. सोडियम धातू, कॅल्शियम कार्बाइड, थायोनिल क्लोराइड, फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड, क्लोरोसल्फॉनिक अ‍ॅसिड, ओलियम यांची पिंपं पुराच्या वेळी उचलायला घेणं उशिराचं असतं. ती पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठीच वरच्या मजल्यावर, लाल पूररेषेच्या वर ठेवावीत. जलसंपदा विभागाची लाल रेषा म्हणजे १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि निळी रेषा २५ वर्षांतल्या पुराची. पण वर ठेवताना त्या मजल्याच्या स्लॅबची वजन पेलण्याची क्षमता स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. वीस पिंपं म्हणजे सहा-सात टन होतात.

टाकी तरंगते

ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ही गोष्ट पटत नाही, म्हणून हिशेब करू. सॉल्व्हंटची उभी टाकी, व्यास ३ मीटर. तळाचं क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मीटर. लोखंडासकट रिकामी टाकी सुमारे ३ टन. टाकीभोवतीच्या भिंतीआत पाणी १ मीटर चढलं तर पाणी टाकीला ७ टनांनी वर उचलतं. ३ टन वजा जाता ४ टनांनी टाकी वर जायला बघते. किंबहुना पाणी ४३ सेंमी झालं की रिकामी टाकी हलायला लागते. गुडघ्याच्याही खालचं पाणी. टाकी हलली की तळाचा नोझल तुटतो, फ्लँजची गॅसकेट फुटते आणि आतलं सॉल्व्हंट पाण्यावर पसरतं. पुराच्या पाण्यावर पसरलेलं सॉल्व्हंट पुढे जिथे विस्तव मिळेल तिथे पेटतं.

उपाय सोपा आहे : टाकी रिकामी सोडायची नाही. आत पाण्यापेक्षा हलकं सॉल्व्हंट असेल, म्हणजे घनता ०.८, तर आतला १ मीटरचा थर ५.६ टन वजन देतो. बाहेर १.५ मीटर पाणी अपेक्षित असेल तर उचल १०.५ टन, त्यातून टाकीचे ३ टन वजा, उरले ७.५. म्हणजे आत किमान १.३५ मीटर भर हवी. नियम म्हणून अपेक्षित पाण्यापेक्षा आतली पातळी अर्धा मीटर जास्त ठेवा, म्हणजे हिशेब चुकला तरी टाकी जागेवर राहते. दोन अर्ध्या टाक्यांपेक्षा एक भरलेली आणि एक रिकामी असं करणं नेहमी जास्त धोक्याचं. रिकामीला पाणी चालत असेल तर पाणी भरायचं. चालत नसेल तर तिचे सगळे जोड सोडून मोकळ्या तोंडांना ब्लाइंड, म्हणजे बंद झाकणं, लावायची आणि ती वेगळी बांधायची. टाकीचे पाये बोल्टने बांधलेले असले तरी ते वाऱ्यासाठी असतात, खालून येणाऱ्या उचलीसाठी ते मोजलेले असतीलच असं नाही. ते तपासून घ्या.

टाकीभोवतीच्या भिंतीतून पाणी काढण्याच्या नळाचाही एक पेच आहे. रसायन सांडलं तर बाहेर जाऊ नये म्हणून तो नळ बंद ठेवतात आणि ते बरोबर आहे. पण मुसळधार पावसात तीच भिंत पाणी धरते. म्हणून पावसाळ्यात आतलं पाणी रोज सामू तपासून पंपाने काढावं, म्हणजे पुराच्या आधीच ती कोरडी मिळते. ईटीपीच्या जमिनीखालच्या टाक्या आणि डिझेलची भूमिगत टाकी यांचंही तसंच. जमिनीतलं पाणी वर आलं की रिकामी टाकी खालून ढकलली जाते. क्लोरीनचा भरलेला टनर, म्हणजे मोठा सिलिंडर, जड असतो आणि बुडतो, पण रिकामा टनर तरंगून निघू शकतो. त्याला साखळी लावून ठेवावी.

वीज कधी, कशी

वीज बंद करणं सर्वांत शेवटी, पण पाणी पॅनलला लागण्याच्या आधी. हे दोन्ही एकत्र बसवण्यासाठी मोटर कंट्रोल पॅनलच्या खाली भिंतीवर ठळक लाल रेघ मारा, पॅनलच्या तळापासून ३० सेंमी खाली. पाणी त्या रेघेला आलं की कुठलीही प्रक्रिया अर्धवट असली तरी वीज जाते. तोवर सगळं थांबलेलं असावं म्हणून तर वरचा क्रम. बाहेरून येणाऱ्या उच्च दाबाच्या विजेचा एचटी ब्रेकर कोण उघडणार, त्याच्या गैरहजेरीत कोण, आणि महावितरणच्या उपकेंद्राला फोन कोण करणार, ही नावं शिफ्टनिहाय लिहा. छतावर सौरपॅनल असतील तर मेन बंद केल्यावरही उजेड असेपर्यंत पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारांत डीसी वीज जिवंत असते. त्यासाठी डीसी आयसोलेटर वेगळा उघडावा लागतो. ही गोष्ट कित्येक फायलींमध्ये आढळत नाही.

जनरेटर जमिनीवर असेल तर तो बॅकअप नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या क्रॉस्बी इथल्या एका रासायनिक कारखान्यात ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाच्या वेळी हे दिसलं. तिथे सेंद्रिय पेरॉक्साइडं थंड ठेवावी लागत होती. मुख्य वीज गेली, जनरेटर पाण्यात गेले. कामगारांनी माल शीतगृहातून रेफ्रिजरेटेड ट्रेलरमध्ये हलवला, पण पुढे तेही चालू ठेवता आले नाहीत. मागे थांबलेल्या माणसांना शेवटी बाहेर काढावं लागलं आणि ३१ ऑगस्टपासून ट्रेलरमधला माल पेटू लागला. परिसरातले दोनशेहून जास्त लोक आधीच घरं सोडून गेले होते. एकामागोमाग तीन पर्याय होते, पण तिन्ही एकाच पाण्याने बुडवले. तुमच्या आराखड्यातल्या प्रत्येक पर्यायापुढे विचारा : हा पहिल्या पर्यायासारखाच त्याच पाण्यात आहे का?

जमायचं कुठे

आपल्याकडे असेंब्ली पॉइंट म्हणजे गेटजवळची हिरवळ आणि हिरवा बोर्ड. आगीला तो ठीक असतो. पण गेट बहुधा कारखान्याच्या सर्वांत खालच्या बाजूला असतं, कारण रस्ता आणि गटार खालीच असतात. पूर आला की पहिली जागा हीच बुडते. वादळात तिथे छप्परही नसतं आणि पत्रे उडून येतात. वायुगळतीत मात्र वाऱ्याच्या वरच्या बाजूला मोकळी जागा हवी असते. म्हणजे एकाच जागेला तिन्ही कामं जमत नाहीत.

म्हणून तीन प्रकारच्या जागा ठरवाव्या लागतात. आग-वायूसाठी दोन मोकळ्या जागा, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला, वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक पाहून निवडायच्या. पुरासाठी उंचावरची जागा : शक्यतो मोरीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्यापासून दूर. दरड कोसळू शकेल असा उतार वर असेल तर ती जागा बाद करा. वादळासाठी सिमेंट काँक्रीटची स्लॅबची इमारत, दारं-खिडक्या कमी, काचा नसलेली आतली खोली, आणि ज्यावर पाण्याची टाकी किंवा टॉवर पडणार नाही अशी. पत्र्याची शेड, कँटीनचा मांडव आणि मुख्य म्हणजे कंपाउंड वॉलचा आडोसा, या तिन्ही ठिकाणी कुणी थांबायचं नाही. जुलै २०१९ मध्ये मुंबईत मालाडला भिंत कोसळून किती माणसं गेली ते सगळ्यांना आठवतंय. भिजलेल्या मातीचा दाब भिंतीच्या एका बाजूला साचतो आणि भिंत एकदम जाते.

प्रत्येक जागेला क्षमता लिहा. एका माणसाला उभं राहायला अर्धा चौरस मीटर पुरतो, पण सहा तास बसायचं असेल तर दीड लागतो. साठ माणसांना म्हणजे ९० चौरस मीटरची खोली. तिथे पिण्याचं पाणी माणशी तीन लिटर, एक शौचालय, बॅटऱ्या, दोन मेगाफोन, प्रथमोपचार पेटी आणि प्लास्टिकमध्ये बंद केलेली माणसांची यादी. कुठल्या जागी जायचं हे कळण्यासाठी सायरनचा ठोका वेगळा हवा. समजा अखंड सायरन म्हणजे आग, चढ-उतार होणारा म्हणजे वायू, तीन लांब ठोके थांबून-थांबून म्हणजे पूर-वादळ. हे ठोके प्रत्येक कारखान्याचे आपले असतात, शेजारच्या कारखान्याशी मात्र जुळवून घ्या. वीज गेल्यावरही सायरन वाजला पाहिजे, म्हणून हाताने फिरवायचा सायरन गेटवर ठेवा. महिन्यातून एकदा तो खरोखर फिरवून बघा.

मोजणी : आकडा जुळला म्हणजे माणसं जुळली असं नाही

आता रात्रीचे सव्वादोन. सायरन झाला, माणसं पुराच्या जागी जमली. गेटवरच्या नोंदीप्रमाणे आत किती? कायम २२, ठेकेदाराचे २७, सिक्युरिटी ५, कँटीन ३, ट्रकचे ड्रायव्हर आणि क्लीनर मिळून ४. एकूण ६१. जागेवर मोजली तर ५७.

बायोमेट्रिक यंत्रावर अवलंबून असाल तर इथेच अडाल, कारण वीज गेल्यावर यादीच निघत नाही. म्हणून दर शिफ्टच्या सुरुवातीला, पहिल्या वीस मिनिटांत, गेटने कागदी यादी छापून दोन प्रती करायच्या : एक गेटवर, एक जमण्याच्या जागेच्या डब्यात. यादीत विभाग आणि ठेकेदाराचं नाव हवं, नुसता क्रमांक नको. मोजणी विभागप्रमुखाने आपल्या लोकांची करायची आणि एकाच माणसाकडे, मुख्य मोजणी करणाऱ्याकडे, कागद द्यायचा. दहा मिनिटांत पहिला आकडा मिळाला पाहिजे.

आपल्याला चार कमी आहेत. नावं पाहिली. ट्रकचा ड्रायव्हर आणि क्लीनर लोडिंगच्या बाजूला केबिनमध्ये झोपले होते, सायरन पावसात ऐकू आला नाही. ही जागा नेहमीच चुकते, म्हणून सिक्युरिटीने सायरनच्या वेळी ट्रकच्या केबिन ठोठावणं हे आराखड्यातलं लेखी काम असावं. तिसरा, पंप हाउसमधला इलेक्ट्रिशियन, हीटरचं तेल थंड होतंय म्हणून पंप बघत होता. तो आराखड्याप्रमाणेच मागे होता, पण मोजणी करणाऱ्याला कुणी कळवलं नव्हतं. मागे थांबणाऱ्या प्रत्येकाचं नाव आधी लिहून देणं म्हणूनच बंधनकारक. चौथा ठेकेदाराचा कामगार. फोन केला तर तो दुसरी पाळी संपवून रात्री साडेदहालाच घरी गेला होता, पण बाहेर जाताना नोंद झाली नव्हती. म्हणजे आत खरी माणसं ६० होती, जागेवरची ५७, केबिनमधली २ आणि पंप हाउसमधला १. हिशेब मिटला.

पण याच्या उलटं झालं असतं तर? समजा एखादा माणूस नोंद न करता ओव्हरटाइमला थांबला आहे आणि दुसरा एक जण खरोखरच कुठेतरी अडकला आहे. तेव्हा आकडे बरोबर जुळतात आणि कुणी शोधायला जात नाही. त्यामुळे बेरजेवर थांबू नका, प्रत्येक नावापुढे हजर माणसाने उत्तर दिलंच पाहिजे. दोन माणसांची एकसारखी नावं असली की एकाचा आवाज दोघांच्या पुढे टिक होतो. तिथे बापाचं नाव किंवा ठेकेदाराचं नाव विचारा.

शोधायला कोण जाणार? कुणी एकट्याने नाही आणि माहिती न घेता नाही. मित्र हाक मारत परत आत धावतो आणि मग शोधायचे दोन होतात. दोघांची जोडी, लाइफ जॅकेट, दोर, वॉकी-टॉकी, शेवटी दिसलेली जागा आणि परत यायची वेळ ठरलेली. पाणी कमरेच्या वर गेलं असेल किंवा वीज बंद झाल्याची खात्री नसेल तर जोडी जात नाही. तिथे ११२ किंवा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवायचं आणि कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर शोधायचं ते सांगायचं.

बसने गेलेल्यांची मोजणीही इथे संपत नाही. बसमध्ये चढताना नावं, उतरताना नावं, आणि घरी पोचल्याचा फोन. ज्याचा फोन दोन तासांत आला नाही त्याची यादी एका माणसाने धरायची. पुरात माणसं घरी जाताना वाटेतही बुडतात. ज्याच्या घराकडचा रस्ता आधीच बंद आहे त्याला परत पाठवू नका, वरच्या मजल्यावर ठेवा.

धोकादायक रसायनं ठरावीक मर्यादेच्या वर ठेवणाऱ्या कारखान्यांना १९८९ च्या नियमांप्रमाणे दर सहा महिन्यांनी सराव करावा लागतो. पण बहुतेक सराव सकाळी अकराला, उन्हात, सगळे तयार असताना होतात. त्यातला एक रात्री दोनला, पावसात, मेन बंद करून, बायोमेट्रिक नसताना करा. त्या दिवशी ट्रक उभे असू द्या आणि ठेकेदारांना आधी सांगू नका. वरचे चार हरवलेले सगळे त्या रात्री सापडतील.

पाणी उतरल्यावर

पहिली फेरी वीज नसतानाच, दिवसाउजेडी, चौघांपेक्षा जास्त नाही. रात्रभर पाण्यात राहिलेल्या मोटरला वीज जोडण्याआधी वाइंडिंगची मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, तपासणी करा आणि रोध एक मेगाओहमच्या खाली असेल तर सुकवायला न्या. पॅनलमधला गाळ धुऊन वाळवल्याशिवाय ब्रेकर चालू करायचा नाही. ज्या रिअ‍ॅक्टरची बॅच अर्धवट थांबवली त्याची ढवळणी, आत काय उरलं आहे हे तपासून टेक्निकल विभागाची लेखी परवानगी मिळेपर्यंत, कुणीही सुरू करायची नाही. स्विचवर टॅग लावून ठेवा.

ईटीपीच्या टाक्या, केबल ट्रेंच, पंप पिट इथे उतरायची घाई नको. कुजलेला गाळ हायड्रोजन सल्फाइड सोडतो आणि ऑक्सिजन खातो. वरून गॅस डिटेक्टर सोडून खालून, मधून, वरून अशा तिन्ही ठिकाणी मोजा, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर पंख्याने हवा खेळवा आणि पुन्हा मोजा. वास आला नाही म्हणजे हायड्रोजन सल्फाइड नाही असं समजू नका, जास्त प्रमाणात तो वास घेण्याची शक्तीच मारतो. खाली उतरणाऱ्याच्या अंगावर दोरी, वर दोघं उभे, आणि उतरणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्याच मोजणीच्या कागदावर. तो वर आला की नावावर रेघ.